दीड वाजला, इनबॉक्स उघडा

मेलला मी आता वेळ लावून दिलीये, साडेदहा, दीड आणि साडेचार. एरवी नाही म्हणजे नाही. हे जाहीर केल्यावर ऑफिसात लोक माझ्याकडे असं बघायला लागले की जणू मी संन्यास घेतोय. खरं तर मी फक्त विंडोजवरच्या क्लासिक आउटलुकचे चार टिक काढले होते.

हो, चार. बहुतेक लोक कोपऱ्यात उगवणारी ती चौकट तेवढी बंद करतात आणि मग म्हणतात काही फरक पडत नाही बुवा. पडणार कसा, `File`, `Options`, `Mail` मध्ये जाऊन `Message arrival` बघा, तिथे आवाज वेगळा, माऊसचा बाण क्षणभर बदलतो तो वेगळा, खाली टास्कबारवरचं पाकीट वेगळं आणि चौकट वेगळी. त्यातलं पाकीट सगळ्यात लबाड, गप्प बसून असतं पण आपल्याला ते दिसतंय हे त्याला पक्कं माहीत असतं.

चारही काढले की शांतता होते, आणि मग साहेबांची भीती वाटायला लागते. त्यावर इलाज म्हणजे एक रूल. साहेबांकडून आलेला मेल, आणि तो फक्त मलाच आलेला असेल, तरच खिडकी उघडून सांग. हे 'फक्त मलाच' फार महत्त्वाचं, नाहीतर साहेब अख्ख्या डिपार्टमेंटला जे 'फॉर इन्फो' फॉरवर्ड करत असतात त्या प्रत्येकाला खिडकी उघडते आणि आपण होतो तिथेच. जिथे माझं नाव नुसतं सीसीत आहे ते सगळे मेल दुसरा रूल उचलून वेगळ्या फोल्डरमध्ये टाकतो, तो फोल्डर मी फक्त साडेचारला उघडतो. त्यात काहीही नसतं. पण लोकांना सीसीत टाकल्याचं समाधान मिळतं, मला न वाचल्याचं.

आता खरी गंमत स्लॉटच्या आत आहे. परवाचा दीडचा स्लॉट घ्या. मीटिंग रूमवरून रिप्लाय-ऑलची झुंबड. सगळ्यात जुना मेल, "तीन वाजता रूम कोणी बुक केलीये?" त्याखाली दोघांचं भांडण, एकाने स्क्रीनशॉट लावलेला, एक "प्लीज मला या मेलमधून काढा", आणि त्यावर तिघांचं "मलापण". जुन्यापासून वाचत बसलो असतो तर दुसऱ्याच मेलला मध्यस्थी करायला उतरलो असतो. मी सगळ्यात नवा आधी उघडला, त्यात एवढंच, "झालं, आम्ही दोनला घेतो." उरलेल्यांवर `Ignore`, म्हणजे त्या साखळीतले आलेले आणि पुढे येणारे सगळे मेल आपोआप डिलीटेड आयटम्समध्ये. (आपलं काम अडकलेल्या साखळीवर हे बटण दाबू नका, उत्तरही तिकडेच जाईल.)

दोन मिनिटांत होणारं उत्तर तिथल्या तिथे. व्हेंडरच्या कोटेशनची तुलना करायची होती, ती दोन मिनिटांची नव्हे, मग तो मेल ओढून कॅलेंडरवर सोडला, मजकुरासकट अपॉइंटमेंट तयार होते, वेळ टाकली उद्या अकराची आणि इनबॉक्समधून मेल हलवला. नुसता 'अनरीड' करून ठेवायचा मोह होतो, पण तसं केलं की तोच मेल दिवसातून तीनदा नव्याने वाचावा लागतो, आणि प्रत्येक वेळी तेवढाच कंटाळा येतो.

पण मेलचा एक स्वभाव आहे, उत्तर दिलं की उत्तर येतं. पहिल्याला "ठीक आहे" पाठवून तिसऱ्याकडे वळतो न वळतो तोच पहिल्याचं "थँक्यू, आणि अजून एक". अशाने स्लॉट कधी संपतच नाही, पाऊण तासाचा अख्खी दुपार खातो. म्हणून मी दीडला मेल उतरवून घेतो आणि लगेच `Send / Receive` मधलं `Work Offline` दाबतो. आता मी लिहीन ती उत्तरं आउटबॉक्समध्ये पडून राहतात, नवीन काही आत येत नाही, मी आणि माझे मेल, बस. शेवटी तेच बटण परत दाबायचं, सगळं एकदम सुटतं, आणि कॅलेंडरवर जायचं. ते परत दाबायला विसरलं की मात्र आउटबॉक्स भरलेला आणि समोरचा हातात फोन घेऊन, त्यामुळे जाताना खालच्या पट्टीवर 'Working Offline' दिसत नाही ना एवढं बघायचं.

अडचण एकच उरते, जुनी फाईल शोधायला मधेच आउटलुक उघडावं लागतं आणि ते उघडतं थेट इनबॉक्सवर. `Advanced` मध्ये सुरुवातीचा फोल्डर कॅलेंडर ठेवला, तेवढ्याने मोह अर्धा होतो. उरलेला अर्धा माझ्याच स्वभावात आहे, त्याला सेटिंग नाही.

ज्याचं खरंच पेटलंय त्याने फोन करायचा, असं टीमला सांगितलंय. फोन फारसे आले नाहीत. त्याऐवजी आमच्या अकाउंट्सच्या ताईंनी माझं टाईमटेबल पाठ केलंय. एक अठ्ठावीसला मेल टाकतात, एक तीसला टेबलाशी येऊन उभ्या राहतात आणि विचारतात, "काय हो, बघितलात ना?"