ओवा पेरून पानओवा येत नसतो

"तुळस, पानओवा घरीच लावा. डब्यातला ओवा कुंडीत पेरा, महिन्यात पानओव्याची जाड पानं तोडा. दोन्ही कुंड्यांना सकाळ-संध्याकाळ पाणी घाला. तुळशीची मंजिरी खुडू नका, झाड वाळतं."

हा मेसेज परभणीत मावशीकडे पोहोचला आणि तिनं डब्यातला ओवा पेरूनही टाकला. रोपं आली ती बारीक चिरलेल्या पानांची, शेपूसारखी. आता विचारते, "पानं जाड कधी होतील रे?" कधीच नाही, मावशी! डब्यातला ओवा कोथिंबीर-जिऱ्याच्या कुळातला आणि पानओवा तुळशीच्या कुळातला. लंडनच्या क्यू वनस्पती-उद्यानाच्या ऑनलाइन सूचीतही दोघं वेगवेगळ्या कुळांत आहेत. वास मात्र सारखा येतो, हे कबूल. दोन्हींत थायमॉल हे वासाचं द्रव्य असतं, म्हणून.

पानओव्याला बी क्वचितच धरतं, त्यामुळे तो काडीनंच लावायचा. शेंड्याकडची वीतभर काडी पेराच्या खाली कापावी, खालची पानं काढावीत आणि काप सुकेपर्यंत काही तास सावलीत ठेवावी. मग निम्मी वाळू मिसळलेल्या मातीत एक-दोन पेरं आत जातील अशी खोचावी. नुसती काळी माती कुंडीत भरू नका, ती पाणी धरून बसते. एकदा पाणी दिलं की वरची माती कोरडी होईपर्यंत परत हात लावायचा नाही. साधारण दोन आठवड्यांनी हलकेच ओढून बघा. काडी अडली, शेंड्याला नवी पानं दिसली, म्हणजे मुळं धरली. बुडाशी काळी, मऊ पडली तर कुजली, फेकून द्या. सकाळ-संध्याकाळ पाण्याचा सल्ला काडीचं नेमकं हेच करतो. भर उन्हाळ्यात तुळशीला एखादवेळी चालेल, पानओव्याला नाही.

मंजिरीचं तर उलटंच आहे. ती पिकू दिली की तुळस बी धरायच्या मागे लागते, पानं बारीक होतात, खोड लाकडी होतं. म्हणून मंजिरी दिसली की खालच्या पानांच्या जोडीसकट खुडायची. रोपाला पानांच्या पाच-सहा जोड्या झाल्या की तिसऱ्या जोडीच्या वर शेंडा कापायचा. त्या जोडीच्या बगलेतून दोन फांद्या फुटतात, त्यांचेही शेंडे पुढं तसेच खुडायचे. पानओव्यालाही हीच कात्री लागते. एका वेळी तिसऱ्या हिश्श्यापेक्षा जास्त झाड मात्र कापू नये आणि पान नसलेल्या लाकडी खोडापर्यंत जाऊ नये, तिथून फूट येईलच असं नाही.

बी हवं असेल तर एखादी फांदी सोडा. तिची मंजिरी तपकिरी झाली की चोळून बी काढा, मार्चमध्ये किंवा पाऊस लागल्यावर ओल्या मातीवर भुरभुरवा आणि बोटानं नुसतं दाबा. खोल पुरलं तर उगवणार नाही, आणि मग तोच मेसेज म्हणेल की मंजिरी खुडल्याचं पाप लागलं.