रिकामी फाइल आणि चुकीचं उत्तर यांत फरक करा

आज दुपारी दोन ओळींच्या कोडवरून माझं डोकं फिरलं आणि अजून जागेवर आलेलं नाही. आमच्या प्रोग्रॅमिंगच्या प्रॅक्टिकल परीक्षा जो ऑटोग्रेडर तपासतो, त्यात एका सहकाऱ्याने बदल सुचवला. रिकाम्या फाइली येतात, रांग अडवतात, तर त्या दारातच अडवू. इथवर माझं काहीच म्हणणं नाही. पण त्याने लिहून आणलं ते हे:

```
if len(code.strip()) < 10:
    verdict = "WA"
```

म्हणजे दहा अक्षरांपेक्षा कमी काही आलं की `Wrong Answer`. पुढे चला.

हे दहा आले कुठून? `print(7)` मोजा. आठ अक्षरं. प्रश्नाचं उत्तर ७ असेल तर हा पूर्ण, चालणारा, बरोबर प्रोग्रॅम आहे आणि हा नियम त्याला न चालवताच चूक ठरवतो. हे मी दाखवलं तर उत्तर आलं, "असं कोण लिहितं? आणि रिकामी फाइल देणाऱ्याला शून्यच मिळणार ना, मग नाव काय द्यायचं यावरून एवढं कशाला?"

शून्यच मिळणार, मान्य. पण नावावरून काय होतं ते मी डोळ्यांनी पाहिलंय.

एका संस्थेत मी लॅबमध्ये सहायक होते तेव्हाची गोष्ट. परीक्षा पायथनची होती. एका मुलीने प्रोग्रॅम लिहिला, चालवला, उत्तरं जुळली. मग तपासणीसाठी घातलेला एक जादा `print` काढला, सेव्ह केलं आणि सबमिट केलं. निकाल आला `Wrong Answer`. आता झालं काय होतं? तिच्या खात्याचा डिस्क कोटा त्याच सुमारास भरला. तिथला एडिटर सेव्ह करताना आधी जुनी फाइल रिकामी करायचा आणि मग तिच्यात नवा मजकूर लिहायचा. पहिली पायरी झाली, दुसरीला जागाच उरली नव्हती. स्क्रीनवर तिचा सगळा कोड दिसत होता, डिस्कवर मात्र शून्य बाइट. तळाच्या पट्टीत `Disk quota exceeded` येऊन गेलं असणार. परीक्षेच्या धांदलीत ती पट्टी कोण वाचतं?

तिला सांगितलं गेलं "उत्तर चूक", म्हणून तिने उत्तरातली चूक शोधायला घेतली. लूपची मर्यादा बदलली. मग तुलना बदलली. मग सगळी रचनाच उलटी केली. दर वेळी सेव्ह, दर वेळी शून्य बाइट, दर वेळी `Wrong Answer`. स्वतः चालवून पाहिलं तर काहीच छापलं जात नव्हतं आणि एररही येत नव्हती, कारण पायथनला रिकामी फाइल दिली की तो निमूट चालून यशस्वीपणे संपतो, एग्झिट कोड ०. बरोबर असलेला कोड त्या पोरीने स्वतःच्या हाताने उसवला.

मला सांगा, त्या स्क्रीनवर "तुमची फाइल ० बाइटची आहे, त्यात काहीही नाही" एवढं एक वाक्य आलं असतं तर? तिने हात वर केला असता, कोणीतरी कोटा पाहिला असता, दोन मिनिटांत विषय संपला असता.

आणि अन्याय असा की तीच मुलगी C++ मध्ये लिहीत असती तर बचावली असती. रिकामी C++ फाइल लिंकरपाशी अडते, `main` सापडत नाही म्हणून, आणि `Compilation Error` मिळते. ते पाहून माणूस निदान फाइल उघडून बघतो. बऱ्याच स्पर्धांत त्या निकालाला दंडही नसतो. जावामध्ये आणखी तिसरंच. `javac` रिकाम्या फाइलवर तक्रार करत नाही, पण क्लासच तयार होत नाही, त्यामुळे चालवताना पडतो आणि निकाल `Runtime Error`. एकच रिकामी फाइल, तीन भाषा, तीन निकाल. ICPC पद्धतीच्या स्पर्धेत नंतर सुटलेल्या प्रश्नावर प्रत्येक चुकीच्या प्रयत्नामागे २० मिनिटं चढतात. म्हणजे तीच दुर्घटना एकाला फुकट आणि दुसऱ्याला २० मिनिटांना. याला मूल्यमापन म्हणायचं?

बरं, रिकामी फाइल नेहमी नापासच होते असंही नाही. उलटही होतं, आणि ते जास्त भयंकर. घाईत लिहिलेले चेकर मी असे पाहिलेत:

```
ok = all(a == b for a, b in zip(out, exp))
```

`out` म्हणजे विद्यार्थ्याच्या प्रोग्रॅमने छापलेले शब्द, `exp` म्हणजे अपेक्षित शब्द. `zip` दोन याद्यांपैकी छोटी संपली की थांबतो. प्रोग्रॅमने काहीच छापलं नाही तर `out` रिकामी, जोडी एकही बनत नाही, तपासायला काही उरतच नाही, आणि रिकाम्या यादीवर `all` चं उत्तर `True`. रिकाम्या फाइलला पैकीच्या पैकी! पहिलाच शब्द बरोबर छापून गप्प बसलेल्यालाही पैकीच्या पैकी. इलाज काय, तर आधी दोन्ही याद्यांची लांबी जुळते का ते बघायचं आणि मगच आतले शब्द. पायथन ३.१० पासून `zip` ला `strict=True` देता येतं, पण मग आधीचे शब्द जुळले आणि लांबी जुळली नाही तर चेकरच एरर देऊन पडतो. ती एरर पकडून नीट निकालात बदलली नाही तर दोष यंत्रणेच्या नावावर जातो.

म्हणून माझं म्हणणं एवढंच आहे की रिकाम्या सबमिशनला स्वतःचा निकाल हवा. बरोबर नाही, चूक नाही, `Empty Submission`. हे कंपाइल करण्याआधी, चालवण्याआधी ठरवायचं, भाषा कोणतीही असो. प्रयत्न मोजायचा नाही, दंड लावायचा नाही. फाइल मात्र टाकून द्यायची नाही; वेळ आणि बाइटची संख्या यांसकट ती जपायची, कारण नंतर वाद झाला तर तोच पुरावा. आणि विद्यार्थ्याला तीच संख्या दाखवायची.

इथे एक घोळ हमखास होतो. रिकामं सबमिशन वेगळं आणि रिकामं आउटपुट वेगळं. कोडने भरलेली फाइल चालली आणि तिने काहीच छापलं नाही, तर ती तपासलीच पाहिजे. "अट पूर्ण करणारी संख्या नसेल तर काही छापू नका" असा प्रश्न असेल तर गप्प राहणं हेच बरोबर उत्तर. DOMjudge मध्ये अशा बिनआउटपुटवाल्या प्रोग्रॅमसाठी `no-output` हा वेगळा निकाल आहे. म्हणजे हा फरक करता येतो, लोकांनी केलाय. आपल्याला कंटाळा येतो, एवढंच.

फक्त स्पेस, टॅब आणि नव्या ओळी असलेली फाइलही माझ्या लेखी रिकामीच. पण नुसत्या `strip()` वर विसंबू नका. जुनं नोटपॅड UTF-8 म्हणून सेव्ह करताना सुरुवातीला तीन बाइटची खूण घालायचं, `EF BB BF`. आत एक अक्षर नसलं तरी फाइल ३ बाइटची, म्हणजे आकार शून्य आहे का ही तपासणी चुकते. पायथनने ती साध्या `utf-8` ने वाचली तर `\ufeff` हे न दिसणारं चिन्ह हाती येतं आणि `strip()` ते काढत नाही, कारण त्याच्या मते ती मोकळी जागा नाही. `utf-8-sig` ने वाचा, मग `strip()` करा, मग विचारा की काही उरलं का.

आणि एक जरी अक्षर उरलं तरी माझा नियम तिथे संपतो. ते सबमिशन पुढे जाणार, चालणार आणि जे होईल ते होणार. पायथनमध्ये नुसता `x` आला तर `NameError`, तो मिळू दे. नुसता `7` आला तर प्रोग्रॅम चालेल, काही छापणार नाही, नापास होईल, होऊ दे. पण तोच `7` PHP च्या फाइलमध्ये असेल तर स्क्रीनवर ७ छापला जातो, कारण PHP च्या खुणेबाहेरचा मजकूर तो जसाच्या तसा बाहेर टाकतो. एका अक्षराचं सबमिशन बरोबर असू शकतं. लहान दिसतं म्हणून न वाचता चूक म्हणायचा हक्क तपासणाऱ्याला दिला कोणी?

हो, १९९४ साली IOCCC या स्पर्धेत शून्य बाइटची C फाइल "स्वतःचीच प्रत छापणारा प्रोग्रॅम" म्हणून बक्षीस घेऊन गेली, हे मला कोणीतरी ऐकवणारच. तिथलं बक्षीसही नियमांच्या सर्वांत वाईट गैरवापराचं होतं. अपवाद आहे, घ्या.

त्या मुलीचं पुढे काय झालं ते सांगायचं राहिलं आणि ते लिहिताना आत्ताही राग येतोय. परीक्षेनंतर नक्कल शोधणारी स्क्रिप्ट चालवली गेली. तिच्या आणि दुसऱ्या एका मुलाच्या फाइलींत १०० टक्के साम्य निघालं. निघणारच! त्यानेही रिकामी फाइल दिली होती. जगातल्या कुठल्याही ० बाइटच्या फाइलचा SHA-256 हॅश घ्या, सुरुवात `e3b0c442` अशीच होते. हॅश जुळला म्हणून दोघांना समितीपुढे बोलावलं आणि तिला विचारलं, "तू त्याचं पाहिलंस की त्याने तुझं?" काय पाहिलं? त्यात होतं काय पाहण्यासारखं? मी फाइलींचे आकार छापून टेबलावर ठेवले तेव्हा कुठे विषय मिटला. तिने मात्र तोवर रडून घेतलं होतं.

आता तो मुलगा. त्याने मुद्दाम रिकामी फाइल दिली होती, काही येत नव्हतं म्हणून. आधी मला त्याचाही राग आला होता. लिहिता लिहिता वाटतंय, त्याने निदान खरं तेच दिलं. त्याला शून्य मिळालं, ठीक. पण "चूक लिहिलंस" आणि "नक्कल केलीस" हे दोन्ही त्याच्याबद्दलही खोटंच होतं.

सहकाऱ्याचा एक मुद्दा मला मानावा लागतोय. रिकाम्याला दंड नाही म्हटलं की कोणीतरी वेळ संपण्याआधी रिकामी फाइल टाकून "माझं सबमिशन वेळेत होतं" म्हणेल. तर नियमात लिहून टाका, रिकाम्या सबमिशनने वेळ राखून ठेवता येत नाही. मिनिटाला शंभर टाकणारा असेल तर त्याचा वेग अडवा. त्यासाठी सगळ्यांच्या माथी `Wrong Answer` मारायची गरज नाही.

तुमच्यापैकी जे असे ग्रेडर सांभाळतात त्यांनी आज घरी जाण्याआधी चार फाइली पाठवून बघा: ० बाइटची, फक्त नवी ओळ असलेली, फक्त ते तीन बाइट असलेली आणि एका अक्षराची. तुम्ही जेवढ्या भाषा स्वीकारता तेवढ्यांत. पहिल्या तिन्हींना सगळीकडे एकच निकाल येतो का, आणि चौथी खरोखर चालवली जाते का, ते लॉगमध्ये वाचा. जे निघेल ते खाली लिहा. सोमवारी त्या दोन ओळींवर पुन्हा बैठक आहे, मला घेऊन जायचंय.