‘अडचणी सांगा’ म्हटलं की मुलं गप्प का होतात

संशोधन करणाऱ्या मुलामुलींच्या ग्रुपवर फिरत असलेला मेसेज असा: “अर्धसंरचित मुलाखतीला फार डोकं लावायची गरज नाही. २५-३० प्रश्न काढा, अडचणींवर भर द्या, सगळ्यांना त्याच क्रमाने विचारा. उत्तर छोटं आलं की ‘का?’ विचारा, आपोआप खोलात जाता येतं. पायलट वगैरे पीएच.डी.वाल्यांसाठी.” अर्धसंरचित म्हणजे मुख्य प्रश्न आधी ठरलेले, पण पुढचं बोलणं समोरच्याच्या उत्तरावरून वळणारी मुलाखत.

मी साताऱ्यात एम.ए.च्या समाजशास्त्राच्या मुलांचे प्रकल्प बघते. घरात पहिल्यांदाच कॉलेजात आलेल्यांवर दर वर्षी दोन-तीन प्रकल्प असतातच. माण-खटावकडून येणारी मुलं इथे आहेत, जत-आटपाडीची सांगलीत आहेत, त्यामुळे विषय दारातच आहे. हा मेसेज वाचून तयार केलेल्या मुलाखतीच्या प्रश्नांच्या मार्गदर्शिका माझ्या टेबलावर येतात, आणि त्यातून मिळालेली उत्तरं वाचून जीव तुटतो. म्हणून एकेक मुद्दा घेते.

आधी आकड्याचं. बी.ए.च्या मुलीला तासिका आणि परतीची एसटी यांच्यामधला जेमतेम एक तास मिळतो. ओळख, संमती आणि शेवटची आवराआवर यात दहा मिनिटं जातात. उरलेल्या ५० मिनिटांत २५ प्रश्न बसवले, तर एकाला दोन मिनिटं येतात. दोन मिनिटांत माणूस माहिती देतो, काय घडलं ते सांगत नाही. मग ती तोंडी प्रश्नावलीच झाली. आम्ही सहा मुख्य प्रश्न ठेवतो आणि प्रत्येकाखाली दोन-तीन प्रोब लिहितो. प्रोब म्हणजे मुलगी जे बोलली त्यालाच धरून पुढे विचारायचं. उत्तर आपसूक आलं तर प्रोब विचारायचे नाहीत.

सगळ्यात जास्त नुकसान अडचणींच्या प्रश्नाने होतं, म्हणून इथे जरा थांबते. ‘पहिल्या पिढीतल्या विद्यार्थ्यांना प्रवेशाच्या वेळी कोणत्या अडचणी येतात?’ हा प्रकल्पाचा प्रश्न आहे. त्याचं उत्तर शोधायचं काम आपलं आहे, ते मुलीवर टाकता येत नाही. शिवाय प्रश्नात आपण आधीच ठरवून टाकतो की तिच्या वाट्याला अडचणीच आल्या. ज्या घराने पोटाला चिमटा काढून तिला पाठवलं, त्या घराचं उणं ती अनोळखी माणसापुढे कशाला काढेल?

गेल्या वर्षी माझ्या एका विद्यार्थिनीने पायलटसाठी, म्हणजे आधीच्या चाचणी मुलाखतीसाठी, माण तालुक्यातल्या मुलीला नेमका हाच प्रश्न विचारला. उत्तर आलं, “तशा काही नाही ताई. सगळे चांगले आहेत.” पुढच्या चार प्रश्नांनाही उत्तरं तेवढीच. आम्ही बसून तो प्रश्न बदलला, आणि आठवड्याने त्याच मुलीने आपणहून पुन्हा वेळ दिला. नवा प्रश्न असा होता: “अॅडमिशनच्या दिवशी घरातून निघालीस तिथपासून परत येईपर्यंत काय काय झालं, ते सांग.” कागदावर त्याखाली तीन प्रोब होते: बरोबर कोण होतं? कागदपत्रं कोणी, कशी जमवली? कुठे थांबावं लागलं?

या वेळी ती बोलत राहिली. दहिवडीहून पहिली एसटी पकडली. उत्पन्नाचा दाखला आदल्या दिवशी संध्याकाळी सेतूतून मिळाला होता. फॉर्म चुलत भावाने मोबाईलवर भरला होता, आणि त्यात विषय कुठले टाकले ते तिला खिडकीपाशी गेल्यावर कळलं. मग म्हणाली, “पप्पा बाहेर थांबले.” आणि पिशवीचा बंद बोटाला गुंडाळू लागली.

आमची विद्यार्थिनी एवढंच म्हणाली, “बाहेर थांबले…” आणि गप्प राहिली. ती शांतता टेपवर बरीच लांब वाटते. मग मुलगी बोलली: “म्हणाले, मी आत येऊन काय करू, मला काय कळतंय. मला काय त्यांची लाज नव्हती ताई. पण चला म्हणून मी पण म्हणाले नाही.”

पहिल्या मुलाखतीत यातलं काहीच नव्हतं. या एका उत्तरात दाखल्याची धावपळ आली, विषयनिवडीचा निर्णय कोणाच्या हातात होता ते आलं, आणि गेटबाहेर उभा राहिलेला बापही आला. अडचण हा शब्द मात्र कोणीच उच्चारला नाही.

‘का’चा मुद्दाही याच प्रसंगाला जोडून बघा. तिथे “का थांबले बाहेर?” असं विचारलं असतं, तर तिला बापाची बाजू सावरावी लागली असती. आपल्याकडे ‘का’ मास्तर विचारतात, घरी उशिरा गेल्यावर वडील विचारतात. त्याला कान जाब म्हणूनच ऐकतो, आणि माणूस कारण रचून देतो. त्याऐवजी “म्हणजे कसं?”, “मग?”, “तेव्हा घरात कोण काय म्हणालं?” असं विचारावं, किंवा तिचाच शब्द परत उच्चारून थांबावं. मात्र शब्द तिचाच हवा. आपण “लाज वाटली का?” म्हटलं असतं, तर लाज हा शब्द आपण पेरला असता, आणि विश्लेषणात तोच निष्कर्ष म्हणून उगवला असता. टेप ऐकताना मी हेच तपासते: महत्त्वाचा शब्द आधी कोणाच्या तोंडून आला?

क्रमाबद्दल थोडक्यात. तुलनेसाठी सगळ्यांशी त्याच विषयांवर बोलणं व्हायला हवं, क्रम तोच असायची गरज नाही. मुलगी प्रवेशावरून स्वतःच हॉस्टेलवर गेली, तर तिच्यामागे जायचं आणि सुटलेल्या प्रश्नावर खूण करून नंतर परतायचं. दोन जागा मात्र आम्ही पक्क्या ठेवतो. पहिला प्रश्न कोणालाही सहज सांगता येईल असा, बहुधा रोजच्या दिवसाचा. पैसे आणि लग्नाचा विषय मध्यानंतर, आणि त्यावरच मुलाखत संपवायची नाही.

राहिलं पायलट. दोन-तीन मुलाखती घ्यायच्या, त्या ऐकायच्या आणि कागद दुरुस्त करायचा, एवढंच ते काम आहे. छोट्या प्रकल्पाला त्याची गरज जास्त असते, कारण एकूण मुलाखतीच दहा-बारा, त्यातल्या चार वाया गेल्या तर उरतं काय? त्याच पायलटमध्ये विट्याकडच्या एका मुलाचे वडील गलाईच्या धंद्यात परराज्यात होते, दहावीही झालेले नव्हते. आई मात्र एफ.वाय.ला वर्षभर जाऊन लग्नामुळे थांबलेली. मग हा मुलगा पहिल्या पिढीतला धरायचा की नाही? आई-वडिलांपैकी कोणीच कॉलेजात गेलेलं नसावं अशी व्याख्या घेतली तर तो बाहेर जातो, कोणाकडेच पदवी नसावी अशी घेतली तर आत येतो. आम्ही दुसरी घेतली आणि अहवालात तसं लिहिलं. शिवाय ‘घरात कोण किती शिकलं?’ हा प्रश्न मुलाखतीतून काढून आधीच्या छोट्या माहितीपत्रकात टाकला.

त्या मुलाने आणखी एक प्रश्न बदलायला लावला. “घरच्यांनी कसा पाठिंबा दिला?” याला तो “चांगला” म्हणून मोकळा झाला होता. आता तिथे आहे: “कॉलेजात काय चाललंय हे घरी कोणाला सांगतोस? शेवटचं काय सांगितलंस?” हे विचारल्यावर तो म्हणाला, आईला सांगतो, कारण फोन ठेवायच्या आधी ती दर वेळी विचारते, “आज कुठला तास झाला?”