MINTEMP आला म्हणून रेझिस्टर लावू नका

“MINTEMP म्हणजे नोझल गार पडलंय. हीटर बदला. तरी येत राहिला तर सेन्सरची वायर काढून तिथे १०० किलोओहमचा रेझिस्टर लावा, एरर कायमचा जातो.”

काल भाच्याच्या थ्रीडी प्रिंटरवर MINTEMP हा एरर आला. त्याने हा मेसेज पाठवून विचारलं, “मामा, रेझिस्टर आणू का?” अजिबात नको!

रेझिस्टर लावला की एरर जातो, कारण मग बोर्डाला कायम २५ अंशच दिसतात. तू नोझल २०० वर लावलंस की बोर्ड हीटर पूर्ण जोराने तापवत राहणार आणि स्क्रीन मात्र २५ च दाखवणार. हॉटएंडमधली टेफ्लॉनची नळी २५० च्या पुढे खराब होऊन विषारी धूर सोडते, आणि पुढे आगीची भीती. नीट फर्मवेअर थोड्या वेळात Heating Failed दाखवून थांबतं, पण जुन्या स्वस्त बोर्डांत हे संरक्षण बरेचदा बंदच असतं. आधी एक कुलूप काढायचं आणि दुसरं असेलच असं धरून चालायचं, हे मला पटत नाही.

मुळात हा एरर कशासाठी आहे? मार्लिन या प्रिंटरच्या फर्मवेअरच्या कॉन्फिगरेशन पानावर लिहिलंय, की सेन्सर बिघडला किंवा सुटला की तो भलताच कमी आकडा दाखवतो, आणि ही मर्यादा यंत्राला आगीपासून वाचवायला आहे. हा सेन्सर म्हणजे थर्मिस्टर; तो तापला की त्याचा रोध घटतो. वायर तुटली की रोध अमर्याद, म्हणून बोर्डाला वाटतं कडाक्याची थंडी आहे.

हीटर मेला तर स्क्रीनवर खोलीचंच तापमान राहतं आणि एरर वेगळा येतो. थंडीचं म्हणाल तर अर्धं खरं आहे: मर्यादा सहसा ५ अंशांची असते, निफाडच्या एखाद्या पहाटे उघड्या शेडमध्ये ती गाठलीही जाईल. भाच्याच्या खोलीत तीस अंश होते.

त्याच्या प्रिंटरने दिलेल्या एररच्या ओळीत Heater_ID: 0 होतं, म्हणजे नोझल, बेड असता तर bed आलं असतं. एरर फक्त हेड उजव्या टोकाला गेल्यावर यायचा. तिथेच मला वायरचा संशय आला. प्रिंटर बंद करून, प्लग काढून, थर्मिस्टरचा दोन पिनांचा कनेक्टर बोर्डावरून काढायला सांगितला. दोन्ही वायरी हलक्या हाताने ओढून पाहिल्या, पिन मागे सरकत नव्हत्या. मग मल्टिमीटर २०० किलोओहमवर. १०० किलोओहमचा थर्मिस्टर तीस अंशांना साधारण ८० दाखवतो; त्याला ८२ दिसले. हेडजवळ वायर वाकवली आणि मीटरवर OL.

आतली तार तुटलेली होती. ब्लॉकजवळ कथलाचा सांधा उष्णतेने सुटू शकतो, म्हणून वायरीसकट नवा थर्मिस्टर बसवला. हेडपाशी वायर थोडी सैल ठेवली, स्क्रू बेताने आवळला. चालू केल्यावर, काहीही तापवायच्या आधी, नोझल आणि बेड दोन्ही ३० च्या आसपास दाखवत होते.