नाक जिकडे, कॅमेरा तिकडे

परिसंवादाचं चित्रण म्हणजे जो बोलतोय त्याच्यावर कॅमेरा धरायचा, असा एक भाबडा समज आहे. खरं तर बोलणारा हा त्यातला सगळ्यात सज्जन माणूस. माइकसमोर बसलेला असतो, वेळ कमी दिला म्हणून तक्रार करत असतो आणि जागचा हलत नाही. छळतात ते न बोलणारे. एकाचं चालू असताना बाकीचे काय करतात, हे बघायची वेळ शत्रूवरही येऊ नये. कुणी घड्याळ बघतो, कुणी समोरच्या फुलदाणीतलं फूल कुरतडतो. आणि यांच्याच चेहऱ्यांवर ‘ऐकण्याचा भाव’ शोधून तो नेमक्या क्षणी पडद्यावर टाकायचा, हे माझं काम.

आमच्या तालुक्यातल्या एका वाचनालयाने ‘मराठी शाळा : काल आणि उद्या’ असा परिसंवाद ठेवला होता. मंचावर पाच खुर्च्या. प्रेक्षकांच्या डावीकडून पहिली सूत्रसंचालकाची, मग निवृत्त मुख्याध्यापक, मध्ये अध्यक्ष, मग कवयित्री आणि शेवटी एक संस्थाचालक. सूत्रसंचालक टोकाला हवा, हे मी समितीच्या गळी कसंबसं उतरवलं. तो मध्ये बसला की वक्ते दोन्ही बाजूंनी त्याच्याकडे बघतात आणि माझं गणित दुप्पट होतं. समितीची एकच अट होती, अध्यक्ष मधोमध. ती मी मान्य केली, कारण अध्यक्ष कुणाकडेच बघत नाहीत.

सूत्रसंचालक डावीकडे असल्यामुळे बोलताना सगळे डावीकडे वळणार. म्हणून वक्त्यांसाठी एक नंबरचा कॅमेरा सभागृहाच्या डाव्या बाजूला. तिथून दोन्ही डोळे दिसतात, उजवीकडून नुसता कान दिसतो. सूत्रसंचालक उलट उजवीकडे बघणार, म्हणून त्याच्यासाठी तीन नंबर उजव्या बाजूला. बोलणाऱ्याच्या डावीकडे बसलेले श्रोतेही मान उजवीकडेच वळवतात, तेही तीनच्याच वाट्याला. उजवीकडे बसलेले श्रोते मात्र डावीकडे बघतात आणि तिथला कॅमेरा तर वक्त्यावर अडकलेला. त्यांच्यासाठी मधला दोन नंबर मोकळा ठेवायचा. चौथा गॅलरीत स्टँडवर बांधून टाकायचा, पाचही जण एकदम दिसतील असा. त्याला माणूस नाही, त्यामुळे तोच सगळ्यात विश्वासू.

चारही कॅमेरे प्रेक्षकांच्या बाजूलाच का, हा प्रश्न समितीतल्या एकाच्या भाच्याने विचारला. त्याच्याकडे चालताना कॅमेरा हलू न देणारा गिंबल होता आणि त्याला मंचाच्या मागून ‘सिनेमॅटिक’ शॉट घ्यायचा होता. बोलणारे दोघे मनातल्या मनात एका रेषेने जोडायचे आणि सगळे कॅमेरे त्या रेषेच्या एकाच अंगाला ठेवायचे. पलीकडून घेतलेला शॉट मध्येच लावला की समोरासमोर बोलणारे दोघे एकाच दिशेला बघताना दिसतात आणि प्रेक्षकाला वाटतं, हे दोघं मिळून तिसऱ्याच कुणाला तरी झापतायत. भाच्याला हे पटलं नाही. शेवटी त्याला पार्किंगमध्ये पाहुण्यांच्या आगमनाचं चित्रण दिलं.

कॅमेऱ्यांवरची पोरं लग्नांचे व्हिडिओ काढणारी. हात बसलेला, पण झूम करायचा मोह अनावर. कॅमेऱ्यावरचा लाल दिवा लागला म्हणजे तुझं चित्र पडद्यावर गेलं, आता हलायचं नाही, हे मी घोकून घेतलं होतं. एक नंबरवाल्याने मात्र त्याचा अर्थ ‘आता कला दाखव’ असा घेतला. हेडफोनमधून मी ओरडायचो, ‘एक, थांब! छातीपर्यंत ठेव, नाकात जाऊ नकोस!’

कार्यक्रम सुरू झाला आणि लगेच कवयित्रीबाईंचे कागद पंख्याने उडायला लागले. ‘सर, तुमच्या जागेवर बसू का?’ मुख्याध्यापक उदार मनाने उठले आणि चौथ्या खुर्चीत जाऊन बसले. आराखडा खुर्च्यांच्या नंबरांवर लिहिलेला होता, माणसांच्या नावांवर नाही, म्हणून बचावलो. नावांच्या पट्ट्यांचा कागद वेगळा असतो. हे दोन कागद ज्याने एकत्र केले, त्याच्या कार्यक्रमात मुख्याध्यापकांच्या मिशांखाली ‘कवयित्री’ ही पट्टी झळकते.

आता मुख्याध्यापक संस्थाचालकांच्या शेजारी आले होते, आणि इथून खरी मजा.

चेहरे दाखवायचे माझे नियम थोडेच आहेत. मध्येच कुणी तोंड घातलं आणि कोण बोललं ते कळलं नाही, तर आधी चौथ्या कॅमेऱ्यावर जायचं. पोरगं तोंड शोधून फोकस लावेपर्यंत दोन-तीन सेकंद जातात, तेवढ्यात रुंद चित्र लाज राखतं. ऐकणाऱ्याचा चेहरा वाक्य संपल्यावर दाखवायचा, चालू असताना नाही. आधी दाखवला की विनोद होण्याआधीच हसू दिसतं. तोही दोन-तीन सेकंदच. त्यापुढे ऐकणाऱ्याचा भाव संपतो आणि नजर चहा कुठवर आलाय ते शोधू लागते. आणि माझ्यापुढच्या छोट्या पडद्यावर चित्र आधी बघितल्याशिवाय ते मोठ्या पडद्यावर टाकायचं बटण दाबायचं नाही. जांभया, मोबाइल आणि दातात अडकलेली बडीशेप तिथेच अडवायची. सूत्रसंचालकाचा या कामी उपयोग शून्य, कारण तो प्रश्न विचारायच्या आधीपासून मान हलवत असतो. अशा माणसाची मान कशालाही पुरावा होत नाही.

मुख्याध्यापक रंगात आले. ‘शाळा कुणी बंद पाडल्या? देणग्या घेऊन इंग्रजी शाळा काढणाऱ्यांनी!’ हे म्हणताना ते सूत्रसंचालकाला विसरून थेट शेजाऱ्याकडे वळले. एक नंबरच्या कॅमेऱ्यात उरला त्यांचा कान. आराखडा कागदावर राहिला, नाक जिकडे कॅमेरा तिकडे. ‘तीन, सर घे. एक, संस्थाचालक घे. हलू नकोस.’ दोन्ही तिरके शॉट समोरासमोर बसले. असं चित्र ठरवून मिळत नाही.

संस्थाचालक डोळे मिटून संथपणे मान डोलवत होते. चिंतन की झोप, हे छोट्या पडद्यावर कळेना. मी बटणावर बोट ठेवून थांबलो. मान एकदम खाली गेली आणि झटक्याने वर आली. झोपच. असा चेहरा दाखवला की तो आपल्या हातून केलेला आरोप ठरतो, म्हणून सोडून दिला.

शंभरेक वर्षांपूर्वी कुलेशॉव्ह नावाच्या रशियन दिग्दर्शकाने एकाच नटाचा एकच निर्विकार चेहरा वेगवेगळ्या चित्रांना जोडून दाखवला. सूपच्या वाडग्यापुढे तो लोकांना भुकेला वाटला, शवपेटीपुढे दुःखी. चेहरा तोच, अर्थ शेजारच्या शॉटने दिला.

सरांचं वाक्य संपलं, टाळ्या पडल्या. त्या आवाजाने संस्थाचालक जागे झाले आणि कशाला ते न कळल्यामुळे सगळ्यांपेक्षा जोरात टाळ्या वाजवू लागले. शॉट स्वच्छ, वाक्य संपलेलं, कॅमेरा स्थिर. सगळे नियम पाळून मी बटण दाबलं आणि अडीच सेकंदांनी सरांवर परतलो.

दुसऱ्या दिवशी गावभर एकच चर्चा, साहेबांनी टीका किती खिलाडूपणे घेतली! दुपारी त्यांच्या संस्थेतून फोन आला, ‘तो टाळ्यांचा भाग वेगळा काढून द्या, शाळेच्या प्रवेशाच्या जाहिरातीत घालायचाय. आणि सर बोलतात तिथे आवाजाऐवजी सनई टाकता आली, तर बघा.’