डाएटवर गेलेलं हाउसिंग

बेळगावच्या उद्यमबागेतल्या एका फौंड्रीत मी एक्सपोर्टची पत्रं लिहितो. जर्मनीचे खरेदीवाले साहेब मोकळे, हसरे. दिवाळीची सुट्टी संपली आणि पंपाची ४८० हाउसिंग, म्हणजे बाहेरची ओतीव कवचं, तयार झाल्याचं कळवताना मी शेवटी हौसेनं लिहिलं, 'दिवाळीत आम्ही सगळे फुगलो, तुमची हाउसिंगं तेवढी डाएटवर आहेत!'

साहेबांनी मेल क्वालिटीकडे पाठवला. तिथल्या बाईंनी मला कधी पाहिलेलं नाही. संध्याकाळी उत्तर आलं: वजन किती ग्रॅमनं कमी, भट्टीच्या कुठल्या हीटचे पीस, एट-डी रिपोर्ट पाठवा. एट-डी म्हणजे तक्रार आठ पायऱ्यांत सोडवल्याचा अहवाल, डी-१ ते डी-८.

बाईंचं काय चुकलं? कास्टिंगचं वजन घटलं म्हणजे आत पोकळी असू शकते, श्रिंकेज, म्हणजे धातू गार होताना आकसणं, असू शकतं. त्यांच्या खात्यात वजन हा गमतीचा विषयच नाही.

मालक म्हणाले, "काय लिहून ठेवलंयस की मर्दा!" खिळे ठोकलेल्या पेट्या उघडल्या, पीस काट्यावर चढले. मोल्डिंगचे मेस्त्री कानडी, त्यांनी शांतपणे विचारलं, "डाएट यार माड्यार?" कुणी केलं? सगळ्यांनी माझ्याकडे बोट दाखवलं. वजनं सगळी जागच्या जागी होती.

मग रिपोर्ट. डी-३ मध्ये तात्पुरता बंदोबस्त: सगळे पीस पुन्हा तोलले. डी-४ मध्ये मूळ कारण, तेही पाच वेळा 'का' विचारून. का लिहिलं? विनोद म्हणून. विनोद का? साहेब हसरे म्हणून. मग गोंधळ का? मेल साहेबांपाशी थांबत नाही म्हणून. चौथ्या 'का'ला मी 'कुंदा जास्त झाला' असं लिहिलं होतं, ते मालकांनी खोडलं. नाहीतर कुंद्याचाही एट-डी आला असता.

डी-७, पुन्हा घडू नये म्हणून: गंमत शब्दशः खरी मानली तर वजन, माप, तारीख, पैसे किंवा समोरचा माणूस यांतलं काही हलतं का, ते पाहायचं. हलत असेल तर ओळ काढायची. आकडे वर, गप्पा खाली, एकच ओळ. आणि तीही साहेबांनी स्वतः काढलेल्या विषयावर. त्यांनी बर्फाचं लिहिलं तर मी पावसाचं लिहितो. 'जेवलात का, मुलं काय करतात' हे आपल्या गल्लीतलं प्रेम तिथे चौकशी वाटू शकतं. हसायचंच असेल तर स्वतःला. मी 'रेल्वे गेटला अडकून चहा थंड झाला' एवढंच लिहितो. 'गेटला अडकलो' एवढ्यावरच थांबलो, तर गाडी अडकली का, माल अडकला का, असं विचारतील.

डी-८ मध्ये टीमचं अभिनंदन करायचं असतं. ते मीच माझं केलं.

बाईंचं उत्तर आलं: 'तक्रार बंद. कृपया लेखकाचं वजन टॉलरन्समध्ये असल्याची खात्री करावी.'

ही गंमत आहे की मागणी, मालकांनाही सांगता येईना. शेवटी मेस्त्रींनी मला काट्यावर उभं केलं. ८१ किलो. कळवून टाकलं.