एक्स्पायरीच्या दिवशी शेवटच्या तासाची वाट का पाहू नये

ऑप्शन विकणाऱ्यांमध्ये एक सवय सर्रास दिसते. प्रीमियम बराचसा आटला आहे, उरलेलाही शून्य होईल, मग परत विकत घेण्याचा खर्च कशाला, असे म्हणून एक्स्पायरीच्या दिवशी बाजार बंद होईपर्यंत थांबायचे. ज्या शेअर ऑप्शनचा निपटारा प्रत्यक्ष डिलिव्हरीने होतो, तिथे मला ही सवय धोकादायक वाटते. तिचे कारण एका उदाहरणातून नीट समजेल.

समजा, शेअर 1012 वर आहे. आपण 1000 चा पुट 11 ला विकलेला आहे आणि संरक्षणासाठी 980 चा पुट 5 ला घेतलेला आहे. प्रति शेअर 6 जमा झाले. दोन स्ट्राइकमधले अंतर 20 असल्याने कमाल तोटा 14, असे आपण वहीत लिहून ठेवतो. एक्स्पायरीच्या सकाळी विकलेल्या पुटची बिड 2.40 आणि आस्क 2.80 आहे, तर घेतलेल्या पुटची 0.20 आणि 0.30. म्हणजे मधल्या भावाने 2.35 देऊन, आणि अगदी वाईट भावाने 2.60 देऊन, दोन्ही पाय बंद करता येतात. पहिला प्रश्न इथेच येतो: आजच ही पोझिशन नव्याने घ्यायची असती, तर 2.35 मिळवण्यासाठी मी 17.65 गमावण्याची जोखीम पत्करली असती का? शेअर स्ट्राइकपासून जेमतेम सव्वा टक्का दूर असताना माझे उत्तर नाही असे असते.

तेव्हा दोन्ही पायांची एकत्र लिमिट ऑर्डर 2.35 ला लावायची, ती भरली नाही तर थोडी थोडी वर सरकवायची आणि सत्राच्या मध्यापर्यंत 2.60 ला का होईना, बाहेर पडायचे. ही वेळ आदल्या दिवशीच ठरवलेली असावी, कारण भाव हलायला लागल्यावर ठरवलेली वेळ पाळली जात नाही.

थांबलो तर काय होते? शेवटच्या अर्ध्या तासात शेअर 1003 वर आला, असे धरा. आता विकलेल्या पुटची बिड 0.60 आणि आस्क 1.60 दिसते. मधला भाव 1.10, पण बिड आणि आस्कमधले अंतर 1.00, म्हणजे जवळजवळ भावाइतकेच. सकाळी तेच अंतर भावाच्या सुमारे पंधरा टक्के होते. लिक्विडिटी आटल्याची ही सर्वांत सोपी खूण आहे, आणि ती दिसल्यावर मार्केट ऑर्डर कधीही टाकू नये. भाव लावणारे मागे सरतात, कारण स्ट्राइकजवळ असलेल्या ऑप्शनचा डेल्टा या वेळी शेअरच्या लहानशा हालचालीने शून्याकडून एककडे उडी मारतो आणि त्यांनाही हेज करणे महाग पडते. 980 च्या पुटला तर अनेकदा बिडच उरत नाही. अशा वेळी फक्त विकलेला पाय परत घ्यावा आणि घेतलेला तसाच संपू द्यावा. घेतलेल्या पुटमुळे नवे दायित्व येत नाही, फक्त तो चुकून फायद्यात बंद झाला तर डिलिव्हरीचे काय होते, ते ब्रोकरकडून आधी समजून घ्यावे.

खरी अडचण मात्र बंद भावाची आहे. शेअर 999.50 वर बंद झाला, तर विकलेला पुट डिलिव्हरीत जाऊ शकतो आणि 980 चा पुट त्याच क्षणी निरर्थक होतो. 1000 च्या भावाने शेअर आपल्या खात्यात येतात, त्यासाठी पूर्ण रक्कम लागते, आणि दुसऱ्या दिवशी शेअर 960 ला उघडला तर 40 चा फटका बसतो. जमा 6 वजा करूनही तोटा 34 होतो. वहीत लिहिलेला 14 चा कमाल तोटा दोन्ही पाय जिवंत असेपर्यंतच खरा होता, हे स्प्रेड विकणाऱ्या प्रत्येकाने ध्यानात ठेवावे असे मला मनापासून वाटते. काही बाजारांत बाजार बंद झाल्यावरही धारकाला एक्सरसाइजचा निर्णय बदलता येतो; तिथे 1000.50 चा बंदही निश्चिंत करणारा नसतो.

रोख निपटारा होणाऱ्या निर्देशांकांत हा डिलिव्हरीचा भाग नाही, परंतु अंतिम भाव शेवटच्या व्यवहाराचा की ठरावीक काळाच्या सरासरीचा, हे आधी वाचून ठेवावे.

रोल करण्याबद्दल माझे मत कडक आहे. पुढच्या एक्स्पायरीचा 980–960 स्प्रेड 4.50 ला विकता येत असेल, तर जुना 2.35 ला बंद करून निव्वळ 2.15 जमा दिसतात आणि ते आकर्षक वाटतात. पण नव्या स्प्रेडची जोखीम 15.50 आहे, आणि ती फक्त नव्या 4.50 च्या बदल्यात आहे. जुनी पोझिशन नसतीच तरीही हा व्यवहार केला असता, तरच रोल करावा. अन्यथा नुसते बंद करावे. रोल करायचाच असेल तर ब्रोकर परवानगी देत असल्यास चारही पाय एकाच ऑर्डरमध्ये टाकावेत. तशी सोय नसेल तर आधी विकलेला पुट परत घ्यावा, मग जुना घेतलेला विकावा. नव्या स्प्रेडमध्येही आधी खरेदी आणि नंतर विक्री, म्हणजे मधल्या वेळेत उघडी विक्री हातात राहत नाही. हे सगळे शक्यतो एक्स्पायरीच्या आदल्या दिवशी करावे, कारण शेवटच्या दिवशी काही ब्रोकर मार्जिन वाढवतात किंवा डिलिव्हरीची रक्कम नसलेल्या पोझिशन स्वतःच्या वेळेनुसार बंद करतात, आणि तेव्हा मिळणारा भाव आपण निवडलेला नसतो.